आईचं मुखत्यारपत्र: न्यू जर्सीतली सही, इथलं काम

आईचा फ्लॅट इथे, आई मात्र दादाकडे न्यू जर्सीत. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत घालून किल्ली माझ्याकडे दिली होती. गेल्या वर्षी मालमत्ता कराचं बिल अजूनही बिल्डरच्या नावाने येतंय हे माझ्या लक्षात आलं. ते बदलायला गेले, तर करारनाम्यात मजला ‘दुसरा’ लिहिलेला निघाला. फ्लॅट आहे तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे आधी बिल्डरला सोबत घेऊन चूक दुरुस्ती दस्त नोंदवायचा, मग कर खात्यात नाव. आणि पेटी उघडल्यावर कळलं की सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट त्यात नाहीच. तीन कामं, तिन्हीकडे मालकाची सही. आईचे गुडघे बघता तिला विमानात बसवून आणण्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

तिच्या वतीने मला सही करता यावी म्हणून मुखत्यारपत्र करायचं ठरलं. त्याचा पहिला मसुदा मी कोर्टाबाहेरच्या एका टायपिंगवाल्याकडून आणला. नऊ पानी. फोनवर आईला वाचून दाखवायला लागले. ‘सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, भाड्याने देणे, ताबा देणे, मोबदला स्वीकारणे...’ इथे आईने मला थांबवलं. ‘मी तुला पत्ता दुरुस्त करायला सांगितलं होतं. घर विकायला कधी सांगितलं?’

तिचं बरोबर होतं. तयार मसुद्यात असतं ते सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र, सगळे अधिकार एकदम देणारं. कागदपत्रांपुरतं काम असेल तर विशेष मुखत्यारपत्र करतात. विक्रीचा अधिकार लिहिण्यात आणखी एक मेख आहे, ती आमच्या वकीलबाईंनी सांगितली. महाराष्ट्रात विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला दिलं, तर मोबदला घेतला नसला तरी खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागू होतं. मी मुलगी, त्यामुळे मला ते लागलं नसतं. पण जो अधिकार वापरायचाच नाही तो कागदावर हवा कशाला?

मग वकीलबाईंनी नवीन मसुदा केला, अडीच पानांचा. आधी मराठीत, आईला समजावा म्हणून, आणि तो पक्का झाल्यावर इंग्रजीत. अधिकार तीन कामांना धरून लिहिले. दस्ताच्या कलमाचा मराठी मसुदा असा होता:

‘सदर करारनाम्यातील मजल्याच्या उल्लेखाची दुरुस्ती करणारा चूक दुरुस्ती दस्त माझ्या वतीने लिहून देणे, त्यावर सही करणे, तो दुय्यम निबंधकांसमोर नोंदणीसाठी हजर करणे, त्याची कबुली देणे व नोंदणीनंतर मूळ दस्त परत घेणे.’

एका दस्तासाठी पाच क्रियापदं बघून मी हसले होते. पण मुखत्यारपत्राचा अर्थ कोर्टं आणि कचेऱ्या आखडूनच लावतात. सही करण्याचा अधिकार दिला म्हणजे नोंदणी कचेरीत कबुली देण्याचा दिला असं कोणी आपणहून धरत नाही. शेवटी ‘व इतर अनुषंगिक सर्व कामे’ हे शेपूट असतंच, पण त्याची ताकद वर लिहिलेल्या कामांपुरतीच. वरची यादी तोकडी असेल, तर शेपटाने ती भरून निघत नाही.

ते मला सोसायटीत कळलं. दुय्यम शेअर सर्टिफिकेटच्या कलमात ‘अर्ज करणे, हमीपत्र देणे, सह्या करणे’ एवढंच होतं. सर्टिफिकेट तयार झाल्यावर सचिव म्हणाले, ‘ताई, ते ताब्यात घेण्याचा अधिकार यात नाही.’ मला आधी राग आला. मग कलम पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. आईने स्वतःच्या हाताने चार ओळींचं पत्र लिहून त्याचा फोटो सोसायटीच्या ईमेलवर पाठवला आणि समितीने तो मानला. सरकारी कचेरीत असं पत्र चाललं असतं, असं मला वाटत नाही.

मर्यादाही आम्ही स्पष्ट लिहिल्या. विक्री, गहाण, बक्षीस, भाडेकरार आणि ताबा देणं यांतलं काहीही मुखत्याराने करायचं नाही, आईच्या नावाने कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि हे अधिकार पुढे दुसऱ्याला द्यायचे नाहीत. कायद्याने मुखत्याराला आपलं काम सहसा दुसऱ्यावर सोपवता येत नाहीच, तरी आईला ते डोळ्यांनी वाचायचं होतं. फक्त वकील नेमण्याची मुभा ठेवली.

मुदतीवर घरात खरा वाद झाला. मुखत्यारपत्राला कायद्याने ठरलेलं आयुष्य नसतं. मुदत लिहिली नाही, तर ते रद्द करेपर्यंत चालतं. आईला सहा महिने पुरेसे वाटत होते. मी अठरा सांगितले, कारण सहीपासून कागद इथे वापरायला मिळेपर्यंतच दीड-दोन महिने जाणार होते आणि बिल्डर कधी भेटेल याचा नेम नव्हता. शेवटी ‘सहीच्या तारखेपासून अठरा महिने किंवा तिन्ही कामे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते’ असं ठरलं.

दादाने तिकडच्या एका ओळखीच्या वकिलाला मसुदा दाखवला होता. त्याने एक वाक्य सुचवलं, की आईची विचारशक्ती पुढे क्षीण झाली तरी हे अधिकार चालू राहतील. अमेरिकेत तशी सोय असते. पण आपल्याकडे मुखत्यारपत्राला करार कायद्याचे नियम लागू होतात. त्याच्या कलम २०१ नुसार लिहून देणारा किंवा घेणारा मरण पावला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं, की अधिकार संपतो. ते वाक्य घातलं असतं तरी इथे त्याचा उपयोग नव्हता. आम्ही काढून टाकलं. वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत हा मुद्दा नीट समजून घ्यावा. त्या कागदाच्या भरवशावर कामं वर्षानुवर्षं लांबवता येत नाहीत.

सहीसाठी दोन रस्ते होते. एक, न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत साक्षांकन. दुसरा, तिकडच्या नोटरीसमोर सही आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे नोटरीची सही खरी असल्याचा तिकडचा सरकारी दाखला. अमेरिका आणि भारत दोघेही अपॉस्टिलच्या हेग कराराचे सदस्य, त्यामुळे अपॉस्टिल इथे चालतं. आम्ही दुसरा निवडला. साध्या कागदावर छापलं. दादा इथून स्टॅम्प पेपर मागवायला निघाला होता, पण कागद परदेशात सही होऊन येणार असेल तर त्याची गरज नसते. आईने प्रत्येक पानावर सही केली, पहिल्या पानावर फोटो लावून अंगठा उठवला. पासपोर्टवर तिचं नाव मधल्या नावासकट, करारनाम्यात नुसतं नाव-आडनाव. म्हणून ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ हे वाक्य सुरुवातीलाच घातलं. मग कागद न्यू जर्सीच्या ट्रेझरी खात्याकडे गेला आणि अपॉस्टिलचं पान चिकटून आला. हे पान फक्त नोटरीची सही आणि पद खरं असल्याचं सांगतं. आतल्या मजकुराची हमी त्यात नसते.

कुरिअर २ एप्रिल २०२५ ला माझ्या हातात पडलं. इथून घड्याळ सुरू होतं. राज्याबाहेर झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. सहीची तारीख इथे बघत नाहीत, आल्याची बघतात. मी मात्र पाकीट उत्साहात फाडून रद्दीत टाकलं होतं. नशिबाने कुरिअरच्या साइटवर पोच दिसत होती, तिचं प्रिंट काढून ठेवलं.

मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती लागेल ते ठरवून घेण्याचा अर्ज दिला. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, यावरची सही अजून व्हायची आहे.’

नोटरीने तारीख हाताने लिहिली होती: ०३/०७/२०२५. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणजे ७ मार्च. आपल्याकडे वाचली की ३ जुलै. आम्ही उभ्या होतो एप्रिलमध्ये. अपॉस्टिलवर महिना अक्षरात छापलेला होता, मार्च. सहीआधी अपॉस्टिल होऊ शकत नाही हे त्यांना पटलं, पण त्यांनी मुखत्याराचा खुलासा लेखी मागितला. माझा अर्धा दिवस गेला. नोटरीला महिना अक्षरात लिहायला सांगितलं असतं तर तो वाचला असता.

शुल्क ऑनलाइन भरलं. काही शे रुपयांचंच होतं. मूळ कागदावर शुल्क भरल्याचा शेरा पडला. त्याच दिवशी चार प्रमाणित प्रती करून घेतल्या, कारण प्रत्येक ठिकाणी मूळ बघायला मागतात आणि काही जण ठेवूनही घ्यायला बघतात. मूळ मी कुठेही सोडलं नाही.

बिल्डर सप्टेंबरमध्ये मिळाला. दस्त तयार झाला, त्यात लिहून देणार म्हणून आईचं नाव आणि खाली ‘तर्फे मुखत्यार’ म्हणून माझं. नोंदणी कचेरीत मुखत्याराकडून वेगळं घोषणापत्र घेतात, की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि लिहून देणारी व्यक्ती हयात आहे. खोटं निघालं तर जबाबदारी मुखत्याराची. छापील फॉर्म आहे, नाव भरून सही करायची, मिनिटभराचं काम. पण त्यातलं ते वाक्य मी आदल्या दिवशी वाचलं होतं, आणि संध्याकाळी सातला, तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले असताना, आईला फोन लावला. उद्या मला काय लिहून द्यायचंय ते सांगितलं.

‘आहे अजून,’ ती म्हणाली. ‘लिही. आणि मजला या वेळी नीट बघून लिही.’