एकच नोटीस, तीन रो आणि शनिवारची मुदत

बडोद्यात आमच्या कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस अलकापुरीत आहे आणि प्लांट मकरपुरा जीआयडीसीत, आणि टपाल दोन्हीकडे येतं, हे आधी सांगते कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मी सेक्रेटरिअल डिपार्टमेंटला आहे. एप्रिल अखेरीस ऑडिटर आले की त्यांना एक लिस्ट लागते, कंपनीवर कोणाकोणाच्या लीगल नोटिसा आल्यात, किती रकमेच्या, उत्तर दिलं की नाही. ती लिस्ट म्हणजे एक एक्सेल शीट, ज्यात जो तो आपापल्या परीने भर घालायचा, प्लांटवाले वेगळी, अकाउंट्स वेगळी. गुरुवारी, २४ एप्रिलला, ती शीट माझ्याकडे आली, आज संध्याकाळपर्यंत नीट करून द्या म्हणून.

बाकीचं फार काही नव्हतं. एका जुन्या कर्मचाऱ्याची फुल अँड फायनलची, गोडाऊनच्या मालकाची भाड्याची, एका ग्राहकाची रिफंडची. यातल्या बहुतेक वकिलांनी "सात दिवसांत उत्तर द्या नाहीतर" असं लिहिलं होतं, ते सात दिवस वकिलाने स्वतःच ठरवलेले असतात, आठव्या दिवशी उत्तर गेलं तर कायद्याने काही बिघडत नाही. पण शीटमध्ये मुदतीचा कॉलम एकच होता आणि त्यात सगळ्यांनी नोटिशीत वाचलं ते उतरवलेलं. म्हणून मी त्याचे दोन केले, नोटीस काय म्हणते आणि कायदा काय म्हणतो. चेक बाउन्सची असेल तर १३८ कलमाखाली नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, आणि ते उत्तराचे नाहीत, पैसे भरायचे आहेत, हेही तिथेच लिहून टाकलं.

मग एकाच सप्लायरचं नाव तीनदा दिसलं. कास्टिंग पुरवणारी पार्टी, तिन्ही रोमध्ये रक्कम तीच, १,२२,६०,०००, आणि शीटच्या खाली टोटलमध्ये या एका पार्टीचेच ३,६७,८०,००० धरलेले. फाइल काढून बघितलं तर नोटीस एकच, तीन वाटांनी आलेली. १६ तारखेला आमच्या होल टाइम डायरेक्टरना ईमेल, ती त्यांच्या पीएने अकाउंट्सला फॉरवर्ड केलेली, २१ला स्पीड पोस्टने अलकापुरीला, आणि २३ला त्याचीच कॉपी प्लांटला. तिघांनी तीन रो केले आणि प्रत्येकाने ओनरच्या कॉलममध्ये लिहिलं होतं "लीगल".

डुप्लिकेट होतं ते डिलीट केलं असतं आणि विषय संपला असता, पण नोटिशीच्या वरच्या कव्हरिंग लेटरखालचा कागद उलटला तर "फॉर्म ३" असं छापलेलं होतं. वकिलाचं साधं पत्र नव्हतं ते. इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोडच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याच्या, कलम ८ची डिमांड नोटीस होती. हिला मिळाल्यापासून १० दिवसांत एकतर पैसे भरल्याचा पुरावा द्यायचा किंवा आधीपासून वाद चालू आहे हे दाखवायचं, नाहीतर समोरचा कलम ९ खाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, कंपनीला दिवाळखोरीत ओढायला जाऊ शकतो, आमच्यासाठी म्हणजे अहमदाबादला. थकबाकी किमान १ कोटीची लागते, आणि यांचं नुसतं मुद्दलच १,०८,४०,००० दाखवलेलं, वर १८ टक्क्यांनी व्याज १४,२०,०००.

आता १० दिवस कधीपासून? इनवर्डचे काका म्हणाले, "अगं, शिक्का तर मी २३चा मारलाय, ३ मेपर्यंत वेळ आहे ने." म्हटलं काका, तुमचा शिक्का प्लांटचा. नियमांत डिमांड नोटीस पोचवायच्या वाटा दिल्यात, रजिस्टर्ड ऑफिसला हाताने किंवा पोस्टाने, नाहीतर होल टाइम डायरेक्टर किंवा मोठ्या अधिकाऱ्याला ईमेल. अलकापुरीपासून मोजलं तर पहिला दिवस सोडून १ मे, म्हणजे गुजरात दिनाची सुट्टी. ईमेलपासून मोजलं तर २६ एप्रिल, शनिवार. अशा वेळी सर्वात आधीची तारीख धरायची, कारण उद्या भांडण "तुम्हाला नोटीस कधी मिळाली" यावरच होतं. म्हणजे हातात उद्याचा शुक्रवार, आणि शनिवार धरला तर तो.

आमचे वकील फोनवर पहिलंच विचारतात ते कलम नाही, कागद. मालावरून कधी काही भांडण झालं होतं का, लिहून ठेवलंय का. हे लीगलला काय माहीत असणार? माहीत होतं पर्चेसच्या सरांना. ते दांडिया बाजारात राहतात, जुने बडोदेकर, त्यांना जाऊन म्हटलं सर या पार्टीचा डिसेंबरचा लॉट रिजेक्ट झाला होता ना. ते म्हणाले, "झाला तर! ब्लो होल निघाले होते, क्वालिटीचा रिपोर्ट आहे, फोटोसकट मेल आहे, बिलातून २१ लाख कापायची डेबिट नोट काढली आपण. त्यांनी ती कधी मानलीच नाही, अजून मेलामेली चाललीय." हेच हवं होतं. वाद नोटीस मिळण्याआधीचा हवा, नोटीस आल्यावर काढलेली डेबिट नोट कोणी विचारत नाही. २०१७च्या मोबिलॉक्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच बघितलं, की वाद आधीपासूनचा आहे का आणि तो नुसता हवेतला बार नाही ना.

त्याच वेळी मी ओनरच्या कॉलममधलं "लीगल" काढून सरांचं नाव टाकलं आणि लीगलसाठी "ड्राफ्ट करणार" असा वेगळा कॉलम केला. सर जरा चिडले, "माझ्या डोक्यावर कशाला?" पण रिजेक्शनच्या तारखा, मेल, चलन सगळं त्यांच्याकडे, मग दुसरं कोणाचं नाव टाकणार, डिपार्टमेंटला फोन तर करता येत नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून त्यांनीच मेल काढून दिले.

शुक्रवारी दुपारी उत्तर गेलं, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, डेबिट नोट, क्वालिटी रिपोर्ट आणि डिसेंबर ते मार्चच्या मेलच्या प्रिंट जोडून. पर्चेस ऑर्डरमध्ये व्याजाची अटच नाही हेही लिहिलं. कन्साइनमेंट नंबर शीटमध्ये टाकला आणि पावतीचा स्कॅन त्याच रोला लिंक केला, कारण उत्तर दिलं याला महत्त्व आहेच पण दिल्याचा पुरावा मागतात तेव्हा कोणाच्यातरी ड्रॉवरमध्ये सापडतो.

सोमवारी ऑडिटरकडून आलेली मुलगी शीट घेऊन बसली. रो आता एकच, टोटल खाली आलेली. ती म्हणाली मग कंटिंजंट लायबिलिटीत, म्हणजे पुढे कदाचित द्यावं लागेल अशा देण्यात, १,२२,६०,००० दाखवायचे ना? दावा केलेली रक्कम तीच लिहिलीय. इथे बरेच जण फसतात. डेबिट नोट वजा जाऊन ८७,४०,००० तर आमच्या क्रेडिटर्समध्ये आधीच उभे आहेत, ते देणं आम्ही मान्यच करतो. वादाचे फक्त २१ लाख आणि व्याजाचे १४,२०,०००, मिळून ३५,२०,०००. पूर्ण आकडा टाकला असता तर तीच रक्कम दोनदा दिसली असती, एकदा बॅलन्स शीटमध्ये आणि एकदा नोट्समध्ये. म्हणून रकमेच्या कॉलमचेही आता चार झालेत: मुद्दल, व्याज, पुस्तकात असलेलं, वादातलं. अकाउंट्सवाले कुरकुरतात की शीट आडवी स्क्रोल करावी लागते. ते ८७ लाख मान्यच आहेत तर देऊन का टाकत नाही, असं तिने विचारलं, तर ते मात्र फायनान्सच्या साहेबांना विचार म्हटलं, त्यांचं नाव पुढच्या रोमध्ये ओनर म्हणून आहे.