चिखल्या, ओले बूट आणि चुकीची ट्यूब

जुलैत कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीवर जायचं, तर रेनकोटने अंग वाचतं, बूट काही वाचत नाहीत. ऑफिसात पोचेपर्यंत मोजे चिंब, आणि तेच संध्याकाळपर्यंत पायात. दहा-बारा दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात खाज सुटली. बोटं फाकवून पाहिली तर कातडी पांढरीफटक, भिजून फुगलेली. ओढली की साल निघायची आणि खाली लालबुंद, झोंबणारी जागा.

"चिखल्या झाल्यात तुला, मेंदी लाव," आई म्हणाली. मी मात्र मेडिकलवाल्याकडे गेलो. त्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबली, पाचव्या दिवशी मी ट्यूब कपाटात टाकली. तीन आठवड्यांनी चिखल्या परत आल्या, आणि आता तळव्यापर्यंत.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूब मागितली. बारीक अक्षरांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल लिहिलं होतं. ते स्टिरॉइड. "त्याने खाज आणि लाली दबते, त्यामुळे बरं वाटतं. बुरशी मात्र आत पसरत राहते," त्या म्हणाल्या. विकत घेताना मी ती अक्षरं वाचलीच नव्हती, हा दोष माझाच.

नवं औषध अगदी साधं होतं: नुसतं बुरशीचं औषध, क्लोट्रिमॅझोल, एक टक्का. सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे. कातडी स्वच्छ दिसली तरी मधेच थांबायचं नाही. खाज आठवड्यात गेली, पण सालं निघायची थांबायला तिसरा आठवडा उजाडला. त्या मधल्या दिवसांत ट्यूब सोडायचा मोह फार होतो.

खरी मेहनत होती पाय कोरडे ठेवण्याची. आंघोळीनंतर पायांसाठी वेगळा पंचा, प्रत्येक बेचकं टिपून कोरडं, मगच औषधाचा पातळ थर. आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. उलट केलं तर पायावरची बुरशी कपड्याला लागून जांघेत जाते, हे मला माहीतच नव्हतं. बुटांचे दोन जोड आळीपाळीने. भिजलेल्यात रद्दी कोंबायची, तासाभराने ओली रद्दी बदलायची आणि बूट पंख्याखाली ठेवायचे. पुण्याच्या पावसात एका रात्रीत बूट वाळत नाहीत, म्हणून दुसरा जोड हवाच. ऑफिसात चपला आणि सुक्या मोज्यांची पिशवी टेबलाखाली.

घरगुती उपायांना मर्यादा आहेत. मधुमेह असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवायचं. पू आला, लाली घोट्याकडे चढू लागली, ताप आला, तर क्रीम पुरत नाही. नख पिवळं, जाड झालं असेल तरी तेच. माझ्या ऑफिसातल्या एकाचं तसं आहे आणि तो अजून पावडरच मारतोय.