सामना सापडतो, पण सुरू होत नाही

नाशिकमध्ये मी घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. परवा एका सीए साहेबांचा फोन आला. खाली त्यांचं ऑफिस, वर घर, आणि दोन्हीकडे एकच राउटर. तक्रार मुलाची होती. गेम उघडतो, लॉगिन होतं, मित्रांची यादी दिसते, बोलणंही ऐकू येतं. सामना सापडला की लोडिंगची पट्टी फिरत राहते आणि साधारण अर्ध्या मिनिटाने ‘कनेक्शन तुटलं’ असा निरोप येतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने फायबरचा सिग्नल पाहिला, स्पीड टेस्ट केली, पिंग मारला, सगळं उत्तम म्हणाला आणि गेला.

तो खोटं बोलला नव्हता. पण या तक्रारीत स्पीड आणि पिंग दोन्ही निरुपयोगी आहेत. लॉगिन, दुकान, मित्रांची यादी हे सगळं टीसीपीवरून, म्हणजे डेटाचे तुकडे पोहोच घेत पाठवण्याच्या पद्धतीने, बहुतेक ४४३ पोर्टवरून चालतं. वेबसाइटही तिथूनच येते, त्यामुळे ते सहसा कोणी अडवत नाही. प्रत्यक्ष सामना मात्र यूडीपीवर, म्हणजे पोहोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीने, आणि वेगळ्याच पोर्टवर चालतो. पिंग तर आयसीएमपी, म्हणजे तिसराच प्रकार. पिंग वीस मिलिसेकंद आला म्हणून यूडीपी पोहोचतंय असं होत नाही.

आधी फोनचा हॉटस्पॉट लावून मुलाला खेळायला लावलं. सामना लगेच सुरू झाला. म्हणजे संगणक, गेम आणि विंडोजची फायरवॉल यांचा दोष नाही. पण हॉटस्पॉटमध्ये राउटर आणि फायबरची लाइन दोन्ही एकदम वगळले जातात, म्हणून संशयित अजून दोन होते. मग फायबरच्या डब्यातून येणारी केबल राउटरमधून काढून थेट संगणकाला जोडली आणि विंडोजमधूनच पीपीपीओई, म्हणजे इंटरनेट कंपनीचं लॉगिन, डायल केलं. तेवढी पाच-दहा मिनिटं संगणक उघड्यावर असतो, म्हणून विंडोजची फायरवॉल ‘पब्लिक’वर आहे ना, हे आधी पाहिलं. तरीही सामना सुरू झाला. आता फक्त राउटर उरला.

केबल परत लावून मुलाच्या संगणकावर वायरशार्क हे पॅकेट्स पाहायचं सॉफ्टवेअर चालू केलं. गेमच्या सर्व्हरचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून कॅप्चर फिल्टर लावून डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता विचारण्याचं, आणि वेबचं जे थोडंफार यूडीपी असतं ते गाळून टाकलं:

```
udp and not port 53 and not port 443
```

सामना सापडला त्या क्षणी एका पत्त्याकडे पॅकेट्सची रांग निघाली. सुरुवातीची चार-दोन उत्तरं आली आणि नंतर काहीच नाही. इकडून पाठवणं चालूच, तिकडून चकार शब्द नाही. मला हे बोलकं वाटलं. पोर्ट सरसकट बंद असता तर पहिलं उत्तरही आलं नसतं. इथे कोणीतरी सुरुवातीची पॅकेट्स वाचून निर्णय घेत होतं आणि मग पूर्ण संवाद टाकून देत होतं. टाकून देणारा ‘नाही’ असं कळवतही नाही, म्हणून गेम मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसतो.

राउटरच्या पानावर सुरक्षेच्या नावाखाली तीन गोष्टी होत्या: घातक साइट्सची गाळणी, पॅकेट्सचा मारा अडवणारं डीओएस संरक्षण आणि पॅकेट्स तपासून हल्ला ओळखणारं इंट्रुजन प्रिव्हेन्शन, म्हणजे आयपीएस. तिन्ही हिरव्या, आणि खाली ‘धोके: ०’. मुलगा म्हणाला, “दादा, सगळंच बंद करून बघू ना.” त्याने गेम नक्की चालला असता, पण दोषी कोण हे कळलं नसतं. आणि साहेबांनी दारातच सांगितलं होतं, “खाली क्लायंटचा डेटा आहे, सुरक्षा बंद ठेवून जाऊ नका.”

साइट्सची गाळणी मुलाने आधीच बंद करून पाहिली होती, फरक पडला नव्हता. तो पडायचा संभव कमीच. ती गाळणी नावांवर चालते, आणि सामन्याच्या सर्व्हरचा पत्ता बहुधा गेमला थेट आकड्यांत मिळतो, नाव विचारलंच जात नाही. ती परत चालू केली. मग डीओएस संरक्षण बंद केलं. त्यात एका सेकंदात किती यूडीपी पॅकेट्स चालतील याची मर्यादा असते. १२८ टिकचा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा स्थिती ताजी करणारा, गेम एका दिशेने सेकंदाला सव्वाशेच्या आसपास पॅकेट्स पाठवतो, त्यात बोलण्याची आणखी पन्नासेक. मर्यादा फार खाली ठेवली तर अडचण येऊ शकते, पण तेव्हा खेळ मध्येच अडखळतो, दरवेळी एकाच जागी मरत नाही. इथेही फरक नाही. तेही परत चालू.

आयपीएस बंद केलं. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला लावला आणि राउटरही रीस्टार्ट केला, कारण काही राउटर एकदा नाकारलेला पत्ता थोडा वेळ लक्षात ठेवतात. घाईने पाहिलं तर स्विच बंद करूनही तोच निकाल दिसतो. सामना सुरू झाला. आयपीएस चालू केलं, तोच अडसर. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू झाला. सर्व्हर बदलला असेल, योगायोग असेल, या शंका अशा येरझाऱ्यांनीच जातात.

तरी एक शंका राहते आणि ती बरेच जण विसरतात. आयपीएस चालू असताना प्रत्येक पॅकेट राउटरच्या प्रोसेसरकडून तपासून जातं. ते बंद केलं की हार्डवेअरचा जवळचा रस्ता पुन्हा खुला होतो. म्हणजे फरक तपासणीमुळे पडला की प्रोसेसरवरचा भार गेल्यामुळे? या राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ती सोय, चालू केलं की तो जवळचा रस्ता बंदच होतो. म्हणून आयपीएस बंद आणि क्यूओएस चालू असं करून पाहिलं. सामना चालला. भाराचा प्रश्न मिटला. आयपीएसचा कुठलातरी नियमच गेमच्या पॅकेट्सना हल्ला समजत होता. गेमच्या पॅकेट्समधली एखादी बाइट्सची जुळणी चुकून नियमात बसू शकते. नोंद का नाही, याचं कारण सेटिंगमध्येच होतं: फक्त ‘गंभीर’ पातळीच्या घटना नोंदवायच्या, बाकीच्या गुपचूप टाकायच्या.

या राउटरमध्ये एका नियमाला किंवा एका संगणकाला सूट द्यायची सोय नव्हती. आयपीएस पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. साहेबांना विचारलं, “बाहेरून आत यायला काही दार उघडं ठेवलंय का?” ते नाही म्हणाले. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर मात्र कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा पोर्ट उघडा होता, कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवलेला. बाहेरून कोणी न बोलावता आलेलं पॅकेट एरवी राउटरवरच अडतं, पण फॉरवर्ड केलेल्या पोर्टवरून ते सरळ डीव्हीआरपर्यंत जातं. या घरात आयपीएसचा सर्वांत खरा उपयोग तिथेच होता.

तो पोर्ट आणि आपोआप पोर्ट उघडून देणारं यूपीएनपी बंद केलं, डीव्हीआर त्याच्या ॲपवरून पाहायची व्यवस्था केली, पासवर्ड बदलला. मगच आयपीएस बंद ठेवायला साहेब तयार झाले. डीओएस संरक्षण आणि साइट्सची गाळणी चालू राहिली. राउटरच्या कंपनीला मॉडेल, फर्मवेअर आणि आयपीएसच्या नियमसंचाची आवृत्ती, पॅकेट्स थांबल्याची वेळ आणि वायरशार्कची फाइल पाठवली. उत्तर आलं की राउटर फॅक्टरी रीसेट करून पाहा.

पुढच्या महिन्यात नवा नियमसंच आला. मुलाने आयपीएस स्वतः चालू केलं, दोन सामने खेळला आणि मला मेसेज केला, “चालतंय दादा, चालूच ठेवलंय.” नोंदीची पातळीही त्याने ‘गंभीर’वरून ‘सर्व’वर आणून ठेवली आहे.