चहाचा डाग आणि आजीचा वेल

डिसेंबरातली सकाळ होती. दुकानाचं शटर पूर्ण वर जायच्या आत एक मुलगी, तिची आई आणि मावशी अशा तिघी भलीमोठी पिशवी घेऊन उभ्या. लग्न तीन आठवड्यांवर. पिशवीतून गाऊन निघाला, पांढराशुभ्र, मागे जमिनीवर लोळणारा दीड मीटरचा घेर, म्हणजे ट्रेन, पोटावर आणि काठाला लेस, लेसवर मोती, कटदाणा आणि टिकल्या.

"ताई, हा आयव्हरी करून द्या. पण लेस आणि मणी आहेत तसेच दिसले पाहिजेत."

वसईत आमचं रंगकाम आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. लग्नसराईत गाऊन येतात ते वाइनचे आणि केकचे डाग घेऊन. रंग बदलायला येणारे मोजके, आणि त्यातल्या निम्म्यांना मी परत पाठवते. म्हणून आधी विचारलं, आयव्हरीच का?

आईने पर्समधून मलमलीत गुंडाळलेला वेल काढला, म्हणजे नवरीच्या डोक्यावरून सोडायची झिरझिरीत ओढणी. मुलीच्या आजीचा. सुती लेस, वर्षानुवर्षं पेटीत राहून सायीच्या रंगावर आलेली. मुलीला तो डोक्यावर घालायचा होता. मी तो गाऊनवर ठेवला आणि अडचण लगेच कळली. गाऊनच्या शेजारी बिचारा वेल मळलेला दिसत होता. वेल पांढरा करायला गेलं तर ती जुनी लेस तुटण्याची भीती, आणि आजी अजून आहेत, त्या ऐकणार नाहीत. मग गाऊनलाच वेलाकडे न्यायचं होतं.

तेवढ्यात मावशीने ट्रेनचं एक टोक हळूच मागे सरकवलं. मी ते ओढून पाहिलं तर तळहाताएवढा तपकिरी पट्टा आणि त्यात तिळाएवढे दोन करडे ठिपके.

"मोबाइलवर पाहिलं होतं, चहात बुडवायचं," मावशी म्हणाल्या.

रागावून उपयोग नव्हता, उलट त्या चहाने मला बरंच सांगितलं. वरच्या जाळीने, म्हणजे नेटने, चहा धरला होता. खालच्या साटीनवर मात्र काहीच नव्हतं. "अस्तराचा चहा धुताना निघून गेला," असं त्याच म्हणाल्या. म्हणजे नेट बहुधा नायलॉन आणि साटीन पॉलिएस्टर. करडे ठिपके कसले, तेही कळलं. टोक वर धरून ठेवायला त्यांनी सेफ्टी पिना लावल्या होत्या, त्यातल्या दोन गंजलेल्या. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाईच तयार होते, पूर्वी लिहायची शाई अशीच करत.

तरी अंदाजावर गाऊन पाण्यात घालत नाही. शिवणीच्या आतल्या मार्जिनमधून प्रत्येक कापडाचे दोन-दोन धागे काढले आणि चिमट्यात धरून काडी लावली. साटीनचा धागा काळा धूर सोडत वितळला. लेसचा तसाच. नेटचा वितळला, पण धूर पांढरट. लेस आणि साटीन पॉलिएस्टर, नेट नायलॉन. सगळं गणित इथेच ठरलं. नायलॉन रेशमासारखं ॲसिड रंग घेतं, कोमट पाण्यातही. पॉलिएस्टरला ते रंग शिवत नाहीत. त्याला डिस्पर्स रंग लागतात आणि तेही दाबाखाली १२०-१३० अंशांना, नाहीतर उकळत्या पाण्यात वेगळी रसायनं घालून.

"मग उकळा ना," मावशी.

गाऊनच्या लेबलला एक छोटी पुडी असते, त्यात जादा मणी देतात. ती बहुतेकांच्या कपाटात पडून राहते, यांनी नशिबाने आणली होती. दोन मोती, दोन टिकल्या आणि चार कटदाणे चहाच्या ग्लासात घातले, वर उकळतं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर. ग्लास उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून दिला. काचेच्या कटदाण्यांना काही झालं नाही. टिकल्यांच्या कडा वळून त्या कुरडईसारख्या झाल्या. मोत्यांची चमकदार साल सुटून पाण्यावर तरंगायला लागली आणि आत राहिला दुधी प्लॅस्टिकचा गोळा. मुलीने तो बोटावर घेऊन पाहिला. उकळण्याचा विषय तिथे संपला. दुसरा संच ६० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला, त्यात काही बिघडलं नाही. माझी मर्यादा मिळाली.

लेस उठून का दिसते? लेस आणि तिच्या मागचं कापड यांच्यात किंचित फरक असतो म्हणून. सगळं एकाच रंगात सारखंच गडद झालं तर फुलं, पानं, वेलबुट्टी विरघळून जाते आणि लांबून नुसतं खडबडीत कापड दिसतं. इथे लेस रंग घेणारच नव्हती आणि तिला तसंच राहू देणं सोयीचं होतं. मागचं नेट फिकट आयव्हरी झालं की पांढरी लेस अर्ध्या पायरीने वर येणार. पण फरक अर्ध्या पायरीचाच हवा. नेट फार गडद झालं तर लेस चिकटवल्यासारखी दिसते.

राहिलं साटीनचं अस्तर. नेट पारदर्शक, त्यामुळे डोळ्याला जो रंग दिसतो त्यातला मोठा वाटा खालच्या अस्तराचा असतो. ते पांढरं ठेवून वरचं नेट कितीही रंगवलं तरी गाऊन धुरकट दिसेल. घागऱ्याचं अस्तर उसवून त्याजागी तयार क्रीम साटीन लावायचं ठरलं. आमचे टेलरकाका वेलाच्या रंगाचा दोरा घेऊन बाजारात गेले आणि दुपारपर्यंत साडेचार मीटर घेऊन आले.

वरचा भाग सोपा नव्हता. तिथे मणी थेट अस्तरापर्यंत शिवलेले होते, अस्तर बदलायचं म्हणजे सगळं मणीकाम उसवायचं. ते पांढरंच राहणार. म्हणून वरच्या भागाचं नेट घागऱ्यापेक्षा जरा गडद करायचं, म्हणजे पांढऱ्या अस्तरावर ते घागऱ्याच्या जवळ येईल. कंबरेच्या शिवणीवर गाऊन दोन भागांत उसवला. वरच्या भागातल्या लोखंडी पट्ट्या काढून टाकल्या, गंजाचं उदाहरण समोरच होतं.

तिघींना मी एक गोष्ट आधीच सांगितली. नेटला कारखान्यात कडकपणा दिलेला असतो, तो पाण्यात जाणार. घेर जरा पडेल आणि आतून कडक जाळीचा कॅनकॅन लावावा लागेल. हे आधी सांगितलं नाही तर नंतर भांडण ठरलेलं.

नमुन्यासाठी काठाच्या आत दुमडलेली नेटची पट्टी कापून घेतली. पहिला नमुना बिघडला, माझ्याच आळसामुळे. नुसता पिवळा रंग वापरला आणि सुकल्यावर पट्टी पाहून काका म्हणाले, "हळदीचा कार्यक्रम उरकलात वाटतं." आयव्हरीत पिवळा असतोच, पण त्याला मातीचा स्पर्श लागतो. दुसऱ्या नमुन्यात पिवळ्याच्या चार भागांना तपकिरीचा एक भाग घातला. ओला असताना तो जास्तच गडद वाटला. सुकल्यावर वेलाशेजारी ठेवला आणि जमला. ओल्या कापडावरून रंग ठरवला की हमखास फिका लागतो.

घागऱ्याचं नेट काठाच्या लेससकट ७०० ग्रॅम भरलं. इतक्या फिकट रंगाला कापडाच्या वजनाच्या ०.०४ टक्के पूड पुरते, म्हणजे ०.२८ ग्रॅम. एवढं काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून त्यातलं २८ मिलिलिटर घेतलं. पाणी ३५ लिटर, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात. रंग टाकल्यावर पाणी लिंबू सरबतापेक्षा फिकं दिसत होतं. मावशींनी दोनदा विचारलं, एवढ्याने होणार का?

नायलॉनची भीती उलटी असते. ते रंग झडप घालून ओढतं. व्हिनेगर आधीच घातलं तर जो भाग पहिल्यांदा पाण्यात शिरला तो गडद, घडीत दबलेला फिका, आणि ते पट्टे नंतर जात नाहीत. म्हणून आधी चहाचा पट्टा कोमट पाण्यात साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून उतरवला. बराचसा गेला, फिकट छटा राहिली, ती आयव्हरीत मुरणार होती. मग सगळं नेट साध्या पाण्यात पूर्ण भिजवलं आणि व्हिनेगर न घालता ३० अंशांच्या रंगपाण्यात सोडलं. मी आणि मदतनीस मुलगी दोन बाजूंनी हाताने नेट उघडत राहिलो. जाळीत हवेचा फुगा अडकला की तो भाग वर येतो, त्याला सतत खाली दाबावं लागतं. चाळीस मिनिटांत ६० अंश. मग व्हिनेगर, एकदम नाही, तीन हप्त्यांत, दर वेळी नेट बाजूला उचलून. शेवटच्या हप्त्यानंतर वीस मिनिटांत पातेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ झालं. सगळा रंग कापडात गेला होता. दांडीवर नेट टांगलं तेव्हा पट्टा कुठेही नव्हता आणि मी त्या दिवसातला पहिला चहा घेतला, कपातून.

सुकल्यावर एक गोष्ट तपासायची होती. पांढऱ्या कापडात बहुधा चकाकी देणारं द्रव्य असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतं. नोटा तपासायचा छोटा टॉर्च आमच्या गल्ल्यात असतो. अंधारात तो लेसवर मारला तर लेस ट्यूबलाइटसारखी पेटली. नेटही थोडं उजळत होतं. आजीचा वेल मात्र काळोखातच राहिला. म्हणजे चर्चमध्ये, पिवळ्या दिव्यांखाली, दोन्ही जुळतील, पण बाहेर उन्हात फोटो काढताना गाऊन वेलापेक्षा जरा थंड दिसेल. रंग वाढवून हे जात नाही, वाढवला तर आतल्या उजेडात गाऊन पिवळा पडेल. मुलीला मी दारात उन्हात आणि मग आत दिव्याखाली दोन्ही दाखवलं. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लग्न आत लागणार आहे."

वरचा भाग दुसऱ्या दिवशी केला, ०.०६ टक्क्यांनी, ५० अंशांना, मोत्यांची काळजी म्हणून दहा अंश कमी आणि वेळ जास्त. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यामुळे पांढरा राहिला आणि कंबरेजवळ पांढऱ्या टाक्यांची रेघ दिसायला लागली. तेवढी शिवण काकांनी क्रीम दोऱ्याने पुन्हा घातली. जोडल्यावर वरचा भाग आणि घागरा यांच्यात फरक शोधावा लागत होता.

दोन करडे ठिपके तेवढे गेले नाहीत. आतल्या बाजूच्या काठाचं लेसचं एक फूल, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, ते सोडवून काकांनी ठिपक्यांवर शिवलं आणि पुडीतला उरलेला एक मोती मधोमध टाचला.

गाऊन न्यायला आल्या तेव्हा मावशींनी ट्रेनचं टोक दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बिल लिहीत होते.