पाच विषय, पाचही दुपारी

एका कॉलेजच्या फेरपरीक्षेचं वेळापत्रक आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात माझ्याकडे होतं. अकरा विषय, एकच दिवस, सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं. कुणाचेच दोनपेक्षा जास्त विषय राहिले नव्हते, नाहीतर तिथेच त्रिकोण होऊन विषय संपला असता. प्रत्येक विषय एक शिरोबिंदू, आणि ज्या दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक, त्यांच्यात कड. कडेची दोन टोकं वेगळ्या सत्रात बसवायची, म्हणजे ग्राफ द्विभाजी आहे का तेवढं बघायचं. बीएफएसने शेजारी पातळीपातळीने रांगेत घेत रंग द्यायचे: पहिल्याला ०, शेजाऱ्यांना १, त्यांच्या शेजाऱ्यांना परत ०. रंग दिलेला शेजारी आपल्याच रंगाचा निघाला, तर जमत नाही. प्रोग्रॅम म्हणाला जमतंय, मी वेळापत्रक पाठवून दिलं.

संध्याकाळी ठाण्याहून परीक्षा विभागातल्या मॅडमचा फोन. "सर, जर्मन आणि संस्कृत दोन्ही दुपारीच कसे? पाच मुलं अडकली आहेत."

वेळापत्रक उघडलं. जर्मन, संस्कृत, आयटी, भूगोल, मानसशास्त्र, पाचही दुपारी. फिजिक्सपासून सुरू केलेली रांग या पाचांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांचा बाकीच्या सहा विषयांशी एकही सामाईक विद्यार्थी नव्हता. पाचांचा रंग सुरुवातीचा -1 तसाच राहिला, आणि छापताना मी लिहिलं होतं: ० असेल तर सकाळ, नसेल तर दुपार. लाज वाटली, कारण रंग न मिळालेल्या प्रत्येक विषयापासून बीएफएस नव्याने सुरू करणारं हे बाहेरचं लूप मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये आधी शोधतो.

```python
for s in range(n):
    if rang[s] == -1:
        rang[s] = 0
        bfs(s)
```

आता उत्तर आलं, नाही जमत. पण मॅडमना नुसतं "नाही" सांगून काय उपयोग? कुठे अडतंय ते दाखवायला हवं. म्हणून रंग देताना कोण कुणामुळे रांगेत आला तेही लिहून ठेवलं. जर्मन ०, त्यावरून संस्कृत आणि आयटी १, संस्कृतवरून भूगोल ०, आयटीवरून मानसशास्त्र ०. आणि भूगोल-मानसशास्त्र यांच्यात कड! बीएफएसमध्ये अशी भांडणारी जोडी नेहमी एकाच पातळीवर सापडते, त्यामुळे दोघांकडून एकेक पायरी वर चढत गेलं की वाटा एकत्र येतात. इथे जर्मनवर आल्या. पाच विषयांचं वर्तुळ. विषम लांबीचं, दोन रंगांत न बसणारं.

मी मॅडमना वर्तुळ वाचून दाखवलं आणि विचारलं, "यातल्या कुठल्या जोडीत मुलं सगळ्यात कमी?"

त्यांनी यादी चाळली. "भूगोल-मानसशास्त्र. एकच मुलगी आहे."

तिचा भूगोल दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. ती कड काढून मी पुन्हा चालवलं, कारण आमचा प्रोग्रॅम पहिल्याच भांडणाला थांबतो आणि मागे दुसरं वर्तुळ दडलेलं असू शकतं. नव्हतं. या वेळी मात्र पाठवण्याआधी प्रत्येक कड हाताने ताडून पाहिली.