माती-चाचणी डायरी: बाटलीवरचं ३५ टक्के आणि हातातलं एक मोलर

निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागांच्या काळ्या मातीत मोकळा चुना किती आहे, हे घरच्या घरी मोजायचं ठरवलंय. चुना जास्त असला की झाडाला लोह उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात, हे बागवाल्यांना वेगळं सांगायला नको. पद्धत साधी आहे. वजन केलेल्या मातीवर ठरावीक हायड्रोक्लोरिक आम्ल जास्तीचं घालायचं आणि चुन्याने खाऊन उरलेलं मागाहून मोजायचं. पण त्यासाठी आधी एक मोलर आम्ल लागतं, म्हणजे लिटरमागे एक मोल किंवा ३६.४६ ग्रॅम HCl असलेलं, आणि ते खरंच एक मोलर हवं. या वेळची नोंद तेवढ्यापुरतीच.

संडास धुवायचं पिवळं ॲसिड या कामाला चालत नाही. त्यात लोह असतं आणि टक्केवारीचा पत्ता नसतो. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून अर्ध्या लिटरची लॅब ग्रेड बाटली आणली. दुकानदाराने ओळखपत्र पाहून रजिस्टरमध्ये नाव-पत्ता आणि कशासाठी हवंय ते लिहून घेतलं. ॲसिडच्या किरकोळ विक्रीला २०१३ पासून हे बंधन आहे, तेव्हा ओळखपत्र घेऊनच जा.

लेबलवर तीन आकडे कामाचे: ॲसे ३५ टक्के, घनता १.१८, रेणुवस्तुमान ३६.४६. ग्रुपमधल्या पिंपळगावच्या मित्राने लगेच विचारलं, "दादा, ३५ टक्के म्हणजे १०० मिलीत ३५ ग्रॅम ना?" नाही. ही टक्केवारी वजनाला वजन असते, म्हणजे १०० ग्रॅम द्रवात ३५ ग्रॅम HCl. आपण मात्र मोजतो मिलीत. ग्रॅम आणि मिली यांना जोडणारा दुवा म्हणजे घनता. एक लिटर द्रवाचं वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३५ टक्के म्हणजे ४१३ ग्रॅम HCl. त्याला ३६.४६ ने भागलं की ११.३३ मोलर.

```
M = 10 × घनता × टक्केवारी ÷ रेणुवस्तुमान
  = 10 × 1.18 × 35 ÷ 36.46 = 11.33
```

घनता विसरून हिशोब केला तर ९.६ मोलर येतं. मग ५०० मिली द्रावणासाठी ४४ ऐवजी ५२ मिली आम्ल घेतलं जातं आणि द्रावण १८ टक्के कडक होतं. चूक नेमकी घनतेच्या पटीतच येते, त्यामुळे १.१८ पट कडक द्रावण दिसलं की संशयित ठरलेला.

मला ५०० मिली हवं होतं: ५०० × १ ÷ ११.३३ = ४४.१ मिली. मोजनळीने ४४ घेतले. त्याहून बारीक मोजण्यात अर्थ नव्हता, कारण लेबलच तेवढं भरवशाचं नाही. ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये आधी ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात आम्ल हळूहळू ओतलं, फ्लास्क फिरवत. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. चष्मा, हातमोजे, गच्चीवर मोकळी हवा, आणि तोंडाने पिपेट ओढण्याचा विचारही नको. फ्लास्क किंचित गरम लागतो. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं आणि मगच खुणेपर्यंत पाणी भरायचं. गरम असतानाच खुणेला भरलं तर निवल्यावर पातळी खाली जाते. बाटली उघडल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने जवळपासच्या लोखंडी वस्तू गंजतात, म्हणून माझी बाटली आता हत्यारांच्या कपाटापासून लांब असते. ब्लीचपासूनही लांबच, कारण त्या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो.

आता खरी परीक्षा, म्हणजे टायट्रेशन: मोजून घेतलेल्या सोडियम कार्बोनेटला किती आम्ल लागतं ते पाहायचं. तुलनेसाठी शुद्ध सोडियम कार्बोनेट हवं. ते मी खाण्याच्या सोड्यापासून केलं, पण लॅब ग्रेडच्या, बेकिंग पावडरपासून नव्हे. २० ग्रॅम सोडा काचेच्या ताटलीत पसरून ओटीजीत २३० अंशांवर ठेवला. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेले की हिशोबाने १२.६२ ग्रॅम उरायला हवं. दोन वेळच्या वजनात फरक पडेना आणि काटा १२.६२ च्या आसपास थांबला, तेव्हा समजलं की रूपांतर पुरं झालं. गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत घालून निववलं, नाहीतर ते हवेतला ओलावा ओढतं.

माझा काटा ०.०१ ग्रॅमचा. त्यावर एक ग्रॅम मोजणं म्हणजे एक टक्का चूक घरात घेणं. म्हणून १०.६० ग्रॅम, म्हणजे दशांश मोल, २५० मिलीत विरघळवून त्यातले २५ मिली पिपेटने घेतले. त्यात ०.०१ मोल कार्बोनेट असतं आणि त्याला दुप्पट, म्हणजे ०.०२ मोल HCl लागतं. आम्ल अचूक एक मोलर असेल तर ब्युरेटमधून बरोबर २०.०० मिली उतरायला हवं.

मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचं. गुलाबी झाला तर पुढे गेलात. खाली पांढरा कागद ठेवा आणि शेजारी नारिंगीवर थांबलेला नमुना ठेवा, म्हणजे डोळा फसत नाही. माझं उत्तर आलं २०.८५ मिली, आणि पुन्हा केल्यावर थेंबाभराच्या फरकाने तेच. ०.०२ मोल भागिले ०.०२०८५ लिटर, म्हणजे ०.९५९ मोलर.

लेबलच्या हिशोबाने ४४ मिलीतून ०.९९७ यायला हवं होतं. मोजनळी इतकी चुकत नाही. मग मूळ आम्लच कमी असणार. उलटा हिशोब: ०.९५९ × ५०० ÷ ४४ = १०.९ मोलर.

हे दुसऱ्या वाटेने तपासता येतं आणि मला तेच जास्त आवडलं. हायड्रोक्लोरिकमध्ये टक्केवारी आणि घनता हातात हात घालून चालतात. २० अंशांना ३४ टक्क्यांची घनता १.१६९, ३६ ची १.१७९, ३८ ची १.१८९. म्हणजे ३५ टक्के आणि १.१८ ही लेबलवरची जोडीसुद्धा पूर्ण जुळत नाही, १.१८ हा ३६ च्या जरा वरचा आकडा. डिसेंबरातली सकाळ निवडली, कारण तेव्हा नाशकात खोलीचं तापमान सहज वीसच्या घरात असतं. २५ मिलीचा बूच असलेला फ्लास्क आधी पाण्याने भरून पडताळला आणि मग आम्लाने भरून वजन केलं. निव्वळ आम्ल २९.२५ ग्रॅम, घनता १.१७०, म्हणजे ३४ टक्क्यांच्या किंचित वर आणि साधारण ११ मोलर. टायट्रेशनच्या १०.९ ला हे पुरेसं जवळ आहे. खुणेवर एक थेंब इकडेतिकडे झाला की टक्केवारी अर्ध्या टक्क्याने सरकते, म्हणून अंतिम शब्द टायट्रेशनचाच.

बाटली वारंवार उघडली की HCl वायू निघून जातो आणि आम्ल सौम्य होत जातं. नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये तर बुचाखाली दाब धरतो. म्हणून हा आकडाही कायमचा नाही. दर नव्या द्रावणाला नवं टायट्रेशन.

०.९५९ ला वर ढकलून एक करायच्या भानगडीत मी पडलो नाही. द्रावणाच्या बाटलीवर "HCl ०.९५९ M" आणि तारीख लिहिली, मातीच्या हिशोबात तोच आकडा घालेन. ज्यांना नेमकं एक मोलरच हवंय त्यांनी ४८ मिली घेऊन मुद्दाम कडक करावं, टायट्रेशन करावं आणि मग पाणी वाढवावं. पाणी अचूक मोजता येतं, धुरणारं आम्ल तितकं नाही.

ज्यांच्याकडे सल्फ्युरिक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. सूत्र तेच: १.८४ आणि ९८ टक्क्यांतून १८.४ मोलर. पण त्याची घनता ९८ टक्क्यांच्या आसपास शिखर गाठून पुढे पुन्हा उतरते, त्यामुळे तिथे वजन करून टक्केवारी काढायला जाऊ नका. एकाच घनतेला दोन उत्तरं निघतात.