आधी प्रवेशपत्र की आधी रजा? बी.एड.साठी अभ्यासरजा मागतानाचा माझा अनुभव

मी पुण्यातल्या एका खाजगी, स्वयंअर्थसहाय्यित मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझं डी.एड. आहे, टीईटी पास आहे, पण नववी-दहावी शिकवायची तर बी.एड. हवं. रेग्युलर बी.एड. दोन वर्षांचं असतं, म्हणजे मुख्याध्यापकांकडे दोन वर्षांची विनावेतन अभ्यासरजा मागायची. सीईटी दिली, गुण बरे आले, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा म्हणजे कॅपचा फॉर्म भरला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं अडलं ते शाळेच्या ऑफिसात, आणि आजही आठवलं की चीड येते.

ऑफिसचं म्हणणं एकच, "मॅडम, प्रवेशाचं पत्र आणा, मग अर्ज घेऊ." वरवर बरोबर वाटतं. पण शाळा जूनच्या मध्यात सुरू होते आणि कॅपच्या फेऱ्या त्यानंतर कितीतरी चालू असतात. माझ्या वेळी कॉलेज मिळालं ते गणपतीच्या आसपास. यादीत नाव लागलं की कॉलेजात हजर होऊन जागा पक्की करायला मोजकेच दिवस मिळतात. रजा मंजूर करणारी आमची शाळा समिती मात्र महिन्यातून एकदा बसते. प्रवेशपत्र हातात आल्यावर अर्ज द्यायचा म्हटलं, तर समितीची बैठक होईपर्यंत जागा गेलेली असणार. हे मी ऑफिसात परोपरीने सांगितलं. उत्तर ठरलेलं होतं: "रजेची तारीख नसलेला अर्ज आवकला कसा लावायचा?"

अर्जाला आवक क्रमांक मिळणं का गरजेचं, ते इथेच सांगते. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ही पोच नसेल तर तीन महिन्यांनी "तुम्ही तर काही दिलंच नव्हतं" हे ऐकावं लागतं. माझी प्रत क्लार्कच्या टेबलावर काचेखाली पडून होती, बिनाशिक्क्याची. शेवटी तोच अर्ज मी शाळेच्या ई-मेलवर पाठवला आणि मुख्याध्यापकांची वेळ मागून थेट त्यांच्यासमोर बसले.

तारखेचा पेच सुटला तो मागणी बदलल्यामुळे. रजा मंजूर करा असं न म्हणता मी तत्त्वतः मंजुरी मागितली. पत्रातलं वाक्य जसंच्या तसं देते, कुणाला उपयोगी पडेल:

"केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत माझा प्रवेश निश्चित झाल्यास, महाविद्यालयातील अध्यापन सुरू होण्याच्या दिवसापासून दुसऱ्या वर्षाची अंतिम परीक्षा संपेपर्यंत मला विनावेतन अभ्यासरजा मिळावी, यास तत्त्वतः मंजुरी द्यावी. प्रवेश न मिळाल्यास हा अर्ज आपोआप रद्द समजावा."

शेवटच्या वाक्याने सरांचा चेहरा सैलावला. त्यांना भीती होती की समितीपुढे विषय नेला, माणूस शोधला आणि मी गेलेच नाही तर काय. सुरुवात "प्रवेशाच्या दिवसापासून" अशी न लिहिता "अध्यापन सुरू होण्याच्या दिवसापासून" अशी लिहिली, यालाही कारण आहे. जागा पक्की होणं आणि वर्ग सुरू होणं यांत थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत बदली शिक्षिकेला वर्ग दाखवता येतात.

मग सर मुद्द्यावर आले. "तुमच्या तासिकांचं काय?"

बहुतेक जण इथे "आपण योग्य ती पर्यायी व्यवस्था करावी" असं लिहून मोकळे होतात. ते वाचून मुख्याध्यापकांना फक्त वाढलेलं काम दिसतं. मी अर्जासोबत एक वेगळं पान जोडलं होतं. माझ्या आठवड्याला २८ तासिका होत्या: सहावी अ, सहावी ब आणि सातवी अ या तीन वर्गांचं गणित मिळून १८, आणि सहावीच्या दोन तुकड्यांचं विज्ञान १०. सातवी ब चं गणित घेणाऱ्या सहकारी मॅडमच्या २४ तासिका होत्या. सातवी अ च्या ६ घेतल्या तर त्यांच्या ३० होतात, आठवड्याच्या ४५ तासिकांत त्या बसतात. दोन्ही तुकड्या एकाच गतीने पुढे जातील म्हणून त्यांनाही ते सोयीचं होतं. सहावीच्या उरलेल्या २२ तासिका एका तात्पुरत्या शिक्षिकेकडे. त्यासाठी मी नाव सुचवलं ते आमच्याच शाळेत पूर्वी एका बाळंतपणाच्या रजेत काम केलेल्या बाईंचं. डी.एड., टीईटी दोन्ही झालेलं आणि सरांच्या ओळखीच्या. माझी रजा विनावेतन असल्याने त्यांचं मानधन माझ्या न दिलेल्या पगारातून निघत होतं, हेही एका ओळीत लिहिलं. समितीत पहिला प्रश्न खर्चाचाच येतो.

त्या पानाखाली दोघींच्या संमतीच्या सह्या घेतल्या होत्या. वेळापत्रक बघणाऱ्या सरांनाही ते आधी दाखवलं होतं. त्यांनी दोन ठिकाणी एकाच वेळी दोन तास येत असल्याचं दाखवलं, ते तिथेच सुधारलं. या पानाचा मला अभिमान आहे. समितीत त्यावर एकही शंका निघाली नाही.

सरांनी मध्ये एक तोडगा सुचवला होता, सकाळी कॉलेज करा आणि दुपारचे तास शाळेत घ्या. हेतू चांगला होता, पण मी स्पष्ट नाही म्हटलं. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड.ला ८० टक्के हजेरी लागते आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्या १६ आठवड्यांत मी दुपारी आमच्या शाळेत कशी येणार? शिवाय एकाच दिवशी कॉलेजच्या आणि शाळेच्या हजेरीपटावर आपली सही असेल, तर उद्या कुणीही पदवीवर बोट ठेवू शकतं. असा तोडगा कुणी सुचवला तर मोहात पडू नका.

सुपूर्दीचंही त्याच पानावर लिहा. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवह्या, वार्षिक नियोजनात कुठल्या घटकापर्यंत आलो ते, आणि वर्गशिक्षक असाल तर ते काम कोणाकडे जाणार हे. मी सहावी अ ची वर्गशिक्षिका होते. पालकांची कुरकुर व्हायची ती तिथेच होणार होती, म्हणून नव्या बाईंना शेवटचे काही दिवस वर्गात मागच्या बाकावर बसवलं आणि हजेरी त्यांच्याकडून घेववली. मुलांनी आठवडाभरात त्यांना आपलं मानलं.

आणखी एक, जे खरं तर आधी सांगायला हवं होतं. डी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात असतील तर फॉर्म भरण्याआधीच ताब्यात घ्या. जागा पक्की करताना मूळ कागद लागतात.

समितीने तत्त्वतः मंजुरी दिली तेव्हा शाळेची पहिली चाचणीही व्हायची होती. यादीत नाव आल्यावर मी प्रवेशाची पावती जोडून एका परिच्छेदाचं दुसरं पत्र दिलं, आणि त्याला त्याच क्लार्कने मुकाट्याने शिक्का मारला. अंतिम आदेश दोन दिवसांत निघाला. त्यात दोन गोष्टी मी हट्टाने लिहून घेतल्या: रजेचा काळ सेवाखंड धरला जाणार नाही, आणि परतल्यावर मला माझ्याच पदावर रुजू करून घेतलं जाईल. पहिल्या मसुद्यात या दोन्ही ओळी नव्हत्या. तुमच्या आदेशात त्या आहेत का, हे ऑफिसातच उभं राहून वाचा आणि मगच प्रत घेतल्याची सही करा.